पॉलिसीच्या कागदावरचे चार आकडे: भरलेले हप्ते, बोनस, सरेंडर व्हॅल्यू आणि मुदतीअखेरची रक्कम

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या गावांत आयुर्विम्याच्या पॉलिसीचा उतारा बहुतेकदा एजंटच्या हातून घरी येतो, किंवा तालुक्याच्या शाखेत दुसऱ्या कामाला गेल्यावर खिडकीवरून छापून मिळतो. कागद इंग्रजीत असतो, त्यावर तारखा आणि आकडे दाटीवाटीने बसलेले असतात, आणि घरचे लोक त्यातला सगळ्यात मोठा आकडा हेरून 'एवढे मिळणार' असं ठरवून टाकतात. गफलत इथेच होते. भरलेले हप्ते म्हणजे तुमच्या खिशातून गेलेली रक्कम. बोनस म्हणजे तुमच्या नावावर चढलेली, पण आज हातात न येणारी रक्कम. सरेंडर व्हॅल्यू म्हणजे पॉलिसी आज मोडली तर मिळणारी किंमत, आणि मुदतीअखेरच्या रकमेत थोडी हमी आणि थोडा अंदाज असतो. हे चारही आकडे घरी कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहता येतात. त्याची रीत एका नमुन्यावरून पाहू.

हे सगळं नफ्यासह एन्डोमेंट प्रकारच्या, म्हणजे मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर विमा रक्कम आणि बोनस देणाऱ्या पॉलिसीला लागू आहे. खेड्यापाड्यात सर्वाधिक दिसणारा प्रकार हाच. शेअर बाजाराशी जोडलेली युलिप आणि फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा टर्म विमा यांचा हिशेब निराळा असतो. मनीबॅक असेल तर मधल्या वर्षांत मिळालेले पैसे ध्यानात धरून वाचावं लागतं.

नमुन्याचा उतारा

गणित सोपं राहावं म्हणून आकडे गोल घेतले आहेत. उताऱ्याची तारीख 30 जून 2025 समजा.

विमा रक्कम: 2,00,000 रुपये
सुरुवातीची तारीख: 15/01/2014
मुदत आणि हप्ते भरण्याचा काळ: 20 वर्षे
हप्ता: वार्षिक, 10,000 रुपये
पहिला न भरलेला हप्ता: 01/2026
शेवटचा हप्ता: 15/01/2033
मुदत संपण्याची तारीख: 15/01/2034
भरलेले एकूण हप्ते: 1,20,000 रुपये
जमा बोनस: 88,000 रुपये
सरेंडर व्हॅल्यू: 1,04,000 रुपये
अपेक्षित मुदतीअखेर रक्कम: 3,76,000 रुपये

शेवटच्या दोन तारखा आधी पाहून घ्या. वार्षिक हप्त्यात शेवटचा हप्ता आणि मुदत संपणं यांत पूर्ण एक वर्षाचं अंतर असतं. 2033 च्या जानेवारीत विसावा हप्ता भरला की पैसे लगेच मिळतील या भरवशावर मुलीचं लग्न किंवा बोअरवेल धरली, तर वर्षभर उसनवारी करावी लागते.

पहिली पायरी: हप्ते खरंच पोहोचले का

सगळ्यात आधी एकूण रकमेकडे जाऊ नका. `FUP` असं लिहिलेली ओळ शोधा. शाखेत आणि एजंट लोकांत तिला 'एफयूपी' म्हणतात. पहिला न भरलेला हप्ता कोणत्या महिन्याचा, हे ती ओळ सांगते. अख्ख्या कागदावर सगळ्यात भरवशाची नोंद हीच, कारण हप्ता कंपनीच्या खात्यात चढल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

आता मोजा. सुरुवात 01/2014, पहिला न भरलेला 01/2026. मध्ये 12 वर्षं, म्हणजे 12 हप्ते पोहोचले. सहामाही हप्ता असेल तर दोन तारखांमधले महिने मोजून 6 ने भागा, तिमाही असेल तर 3 ने. मग घरातल्या पावत्या मोजा. पावत्या 12 आणि एफयूपीप्रमाणेही 12, तर ठीक. घरात 12 हप्त्यांचे पैसे दिल्याची आठवण आहे, पण एफयूपी 01/2025 वर अडकली आहे, तर एक हप्ता वाटेतच राहिला.

गावात हे का होतं ते माहीत असलेलं बरं. कापूस विकला, आठवडी बाजाराच्या दिवशी एजंटच्या हातात रोख दिले, त्याने वहीवर सही घेतली आणि घरच्यांनी ते भरले असंच धरलं. वहीवरची सही ही पावती नव्हे. कंपनीच्या पावतीवर पॉलिसी क्रमांक, कोणत्या महिन्याचा हप्ता, भरल्याची तारीख आणि पुढचा हप्ता कधी, हे सगळं छापलेलं असतं. पैसे वेळेत दिलेले असून पावतीवर विलंब शुल्क दिसलं, तर ते मधल्या माणसाकडे पडून होते असं समजावं. नंतरचे हप्ते शाखेत, मोबाइलवरून किंवा गावच्या सेवा केंद्रातून स्वतः भरून छापील पावती घ्यावी.

आता 1,20,000 चा आकडा. 12 गुणिले 10,000 एवढाच तो आहे. पण तुमच्या खिशातून याहून जास्त गेले आहेत. 2014 पासून हप्त्यावर आधी सेवाकर आणि जुलै 2017 पासून जीएसटी लागला. एन्डोमेंटवर जीएसटी पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि पुढे सव्वादोन टक्के होता. या नमुन्यात 12 वर्षांचा कर अडीच हजारांच्या थोडा वर जातो. तो पैसा सरकारकडे गेला. बोनस, सरेंडर किंवा मुदतीअखेरच्या हिशेबात तो कुठेच धरत नाहीत. विलंब शुल्क आणि अपघात विम्यासारख्या जोड सुविधेचा जादा हप्ताही तसाच बाजूला राहतो. म्हणून पावत्यांची बेरीज उताऱ्यापेक्षा जास्त आली की घाबरू नका, आधी कर वजा करून पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी काढला आहे. त्यामुळे जानेवारी 2026 चा हप्ता नुसता 10,000 असायला हवा.

हप्त्याचा महिना पॉलिसी सुरू झालेल्या तारखेशी बांधलेला असतो. विदर्भात ही बारीक गोष्ट फार महागात पडते. वार्षिक हप्ता जूनमध्ये येत असेल तर तो बियाणं-खताच्या खर्चावर येऊन आदळतो आणि चुकतो. जानेवारीचा हप्ता कापूस-तुरीच्या पैशावर निघून जातो. जूनची पॉलिसी असेल तर वार्षिकाचा सहामाही हप्ता करून घेण्याचा अर्ज शाखेत देता येतो. मग अर्धा भार डिसेंबरवर जातो. सहामाहीत वर्षाची बेरीज किंचित वाढते, पण पॉलिसी बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. हप्ता चुकलाच तर वार्षिक, सहामाही, तिमाहीला 30 दिवसांची आणि मासिकाला 15 दिवसांची सवलत मुदत असते.

दुसरी पायरी: बोनस उलटा मोजून पाहा

बोनस हप्त्याच्या रकमेवर मिळत नाही, विमा रकमेवर मिळतो. दर हजार रुपये विमा रकमेमागे अमुक रुपये, असा दर कंपनी दरवर्षी जाहीर करते. 2 लाखांच्या पॉलिसीत हजार 200 वेळा आहेत. दर 40 रुपये असेल तर एका वर्षाचा बोनस 200 गुणिले 40, म्हणजे 8,000 रुपये.

उताऱ्यावर बहुधा फक्त एकूण आकडा असतो, दर नसतो. म्हणून उलटं चला. 88,000 ला 8,000 ने भागलं की 11 येतात. हप्ते 12 आणि बोनस 11 वर्षांचा कसा? कंपनी 31 मार्चच्या स्थितीवर आपल्या देण्या-घेण्याचं मूल्यमापन करते आणि त्यानंतर दर जाहीर होतो. यात काही महिने जातात. जूनमधल्या उताऱ्यावर ताज्या वर्षाचा बोनस चढलेला नसणं स्वाभाविक आहे. एका वर्षाचा फरक असेल तर थांबा. दोन-तीन वर्षांचा असेल तर विचारा.

प्रत्यक्षात दर दरवर्षी सारखा राहत नाही, आणि प्रत्येक योजनेला व मुदतीला वेगळा असतो. त्याच योजनेत जास्त मुदतीच्या पॉलिसीला साधारणपणे जास्त दर मिळतो. शेजाऱ्याची पॉलिसी 25 वर्षांची आणि तुमची 20 वर्षांची असेल, तर दोघांचे बोनस ताडून भांडण्यात अर्थ नाही. दर कंपनीच्या संकेतस्थळावर योजनेनुसार दिलेले असतात. तुमच्या योजनेचा क्रमांक आणि मुदत हातात घेऊन ते पाहा.

दोन गोष्टी इथे पक्क्या कराव्यात. एक, हा बोनस साधा असतो, जमा बोनसवर पुन्हा बोनस किंवा व्याज चढत नाही. 2014 चे 8,000 रुपये 2034 मध्येही 8,000 च राहतात. दोन, एकदा जाहीर होऊन पॉलिसीला जोडला गेलेला बोनस कंपनी परत काढून घेत नाही, पण तो मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतरच पूर्ण मिळतो. या नमुन्यात विमेदाराचा आज मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख आणि 88 हजार, असे 2,88,000 मिळतात. बोनस तिथे कापला जात नाही. तोच बोनस सरेंडर करताना मात्र बराच कापला जातो. हा फरक घरातल्या नॉमिनीलाही ठाऊक हवा.

बोनस कमी दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मध्ये बंद पडलेली पॉलिसी. दोन वर्षं हप्ते थकले, मग व्याजासह सगळे भरून पॉलिसी पुन्हा चालू केली, तर त्या मधल्या वर्षांच्या बोनसचा हक्कही परत येतो. नोंद मात्र कधीकधी मागे राहते. पुनरुज्जीवनाच्या पावतीची प्रत जोडून शाखेला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून अशी दुरुस्ती होत नाही.

टपाल खात्याची ग्रामीण डाक जीवन विमा पॉलिसी असेल तर बोनसची रीत हीच, दर हजारी. ही योजना 24 मार्च 1995 पासून आहे आणि तिच्या एन्डोमेंट प्रकाराला 'ग्राम संतोष' म्हणतात. तिथे 5 वर्षं पुरी होण्याआधी सरेंडर केलं तर बोनस मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: सरेंडर व्हॅल्यू एवढी कमी का

1,20,000 भरले, 88,000 बोनस चढला, बेरीज 2,08,000. आणि सरेंडर व्हॅल्यू 1,04,000. हा आकडा पाहून 'कंपनीने निम्मे खाल्ले' असं सर्रास बोललं जातं. हिशेब मात्र असा आहे.

आधी 'पेड-अप' रक्कम काढतात. 20 पैकी 12 हप्ते भरले, म्हणून 2 लाखांचे 12/20, म्हणजे 1,20,000. इथे वार्षिक हप्ता 10,000 धरल्यामुळे ही रक्कम भरलेल्या हप्त्यांएवढीच आली, तो योगायोग समजा. हप्ता 10,400 असता तर भरलेले 1,24,800 झाले असते आणि पेड-अप तरी 1,20,000 च राहिली असती. त्यात जमा बोनस मिळवला की 2,08,000. हे पैसे मुळात 15 जानेवारी 2034 ला मिळायचे आहेत. तुम्ही ते साडेआठ वर्षं आधी मागता आहात. शेतात उभा असलेला हरभरा घाटे भरायच्या आधीच व्यापाऱ्याला दिला तर तो पुढच्या भावातून काही कापूनच आज पैसे देणार, तसं इथे होतं. कंपनी या रकमेला एका गुणकाने गुणते. गुणक राहिलेल्या वर्षांवर ठरतो. मुदत जवळ येईल तसा तो वाढत जातो. नमुन्यात गुणक 0.50 धरला आहे, म्हणून 2,08,000 चे 1,04,000 झाले. याला विशेष सरेंडर व्हॅल्यू म्हणतात.

दुसरीकडे एक हमीची सरेंडर व्हॅल्यू असते. ती पॉलिसीच्या करारातच छापलेल्या टक्केवारीच्या तक्त्यावरून निघते. समजा त्या तक्त्यात बाराव्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या 60 टक्के आणि जमा बोनसच्या 20 टक्के आहेत. मग 72,000 अधिक 17,600, म्हणजे 89,600. दोन्हींपैकी जी जास्त ती तुम्हाला मिळते. इथे 1,04,000 जास्त आहेत, म्हणून उताऱ्यावर तोच आकडा आला. 2014 च्या आधीच्या बहुतेक जुन्या पॉलिसींत हमीचं सूत्र कडक आहे: पहिल्या वर्षाचा हप्ता सोडून बाकी भरलेल्याच्या 30 टक्के. त्यामुळे जुन्या पॉलिसीच्या कागदावर 'हमी' म्हणून फारच लहान आकडा दिसला तर निराश होऊ नका. शाखेला विशेष सरेंडर व्हॅल्यू विचारा.

जुन्या पॉलिसीत सरेंडर व्हॅल्यू साधारणपणे तीन वर्षांचे पूर्ण हप्ते भरल्यावरच सुरू होते, त्याआधी बंद केली तर हाती काही येत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या पॉलिसींना नियम बदलला आहे. त्यांत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर व्हॅल्यू मिळते. हा नियम तुमच्या 2014 च्या पॉलिसीला लागत नाही. नवी पॉलिसी गळ्यात घालताना कुणी 'आता नियम बदलला, जुनी मोडा' असं सांगत असेल तर हे त्याला विचारा.

उताऱ्यावरची सरेंडर व्हॅल्यू छापलेल्या दिवसाची असते. खरंच सरेंडर करायचं असेल तर शाखेतून तारखेसह लेखी कोटेशन घ्या. त्यात कर्ज आणि थकलेलं व्याज वजा होऊन हातात येणारी रक्कम वेगळी लिहिलेली असते. घरी नेऊन नीट वाचा, मगच सही करा.

चौथी पायरी: मुदतीअखेरच्या रकमेचे तीन तुकडे करा

3,76,000 हा आकडा एकसंध नाही. त्याचे तुकडे पाडले की त्यातलं पक्कं किती ते दिसतं.

पहिला तुकडा 2,88,000. यात 2 लाख विमा रक्कम आणि आजवर जमा 88,000 बोनस. पुढचे सगळे हप्ते भरले तर हे मिळणारच. भारतीय आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी असेल तर विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस यांना 1956 च्या कायद्याच्या कलम 37 नुसार केंद्र सरकारची हमी आहे.

दुसरा तुकडा 72,000. पुढच्या 9 वर्षांचा बोनस आजच्याच 40 रुपये दराने मिळेल असं धरून तो काढला आहे. दर पुढे 35 झाला तर हे 63,000 होतात, 30 झाला तर 54,000. म्हणजे या भागात 18,000 रुपयांचा खाली-वर फरक पडू शकतो, आणि त्याबद्दल कंपनीला जाब विचारता येत नाही.

तिसरा तुकडा 16,000. हा अंतिम जादा बोनस. बोनस दर हजारी दरवर्षी मिळतो, हा मात्र एकदाच, शेवटी. तो साधारणपणे 15 वर्षं किंवा जास्त चाललेल्या पॉलिसीला मिळतो आणि किती मिळेल ते ज्या वर्षी मुदत संपते त्या वर्षीच्या तक्त्यावर ठरतं. नमुन्यात हजारी 80 रुपये धरला आहे. तो त्या वर्षी जाहीर झालाच नाही तर शून्य.

म्हणून घरच्या वहीत 'पक्के 2 लाख 88 हजार, बहुधा 3 लाख 40 ते 60 हजार, फार झाले तर पावणेचार लाख' असं लिहून ठेवा. एजंटने संगणकावर काढून दिलेला रंगीत तक्ता आणि कंपनीचा उतारा एकाच तोलाचे धरू नका. तक्त्यावर कंपनीचं नाव आणि चिन्ह असलं तरी त्यात बोनसचा दर त्याने स्वतः टाकलेला असतो. त्याला एकच विचारा: पुढच्या वर्षांना दर किती धरला आणि अंतिम जादा बोनस किती धरला? हे दोन आकडे मिळाले की वरच्यासारखे तुकडे तुम्हाला स्वतःला पाडता येतील.

20 वर्षांत 2 लाख भरून 3,60,000 मिळाले तर वर्षाला सुमारे सव्वापाच टक्के पडतात. 'दुप्पट होतात' असं सांगून पॉलिसी विकली गेली असेल तर हा दर मनाशी ठेवा.

मोडायची, थांबवायची की चालू ठेवायची

दर सव्वापाच टक्के कळल्यावर पहिला विचार येतो तो मोडून टाकण्याचा. बाराव्या वर्षी हा विचार बहुतेकदा चुकतो. भरून झालेले 1,20,000 आता मोजायचेच नाहीत. आजपासून पुढचं मोजा.

मोडली तर आज 1,04,000 हातात.

हप्ते थांबवले आणि तशीच ठेवली तर पॉलिसी पेड-अप होते. पुढे काही न भरता जानेवारी 2034 ला 2,08,000 मिळतात. पुढचा बोनस मात्र बंद.

चालू ठेवली तर आणखी 8 हप्ते, म्हणजे 80,000 भरायचे आणि जानेवारी 2034 ला अंतिम जादा बोनस न धरताही 3,60,000 घ्यायचे.

थांबवणं आणि चालू ठेवणं यांतला फरक पाहा: 80,000 जास्त भरून 1,52,000 जास्त मिळतात. एवढा फरक पडण्याचं कारण बोनस पूर्ण 2 लाखांवर चढत असतो हे आहे. हप्ता बंद केला की नव्या हप्त्यांचाच नाही, जुन्या 12 हप्त्यांच्या वाट्याचाही पुढचा बोनस जातो. मोडणं आणि चालू ठेवणं यांची तुलना केली तर 1,04,000 आज आणि 80,000 हप्त्याहप्त्याने गुंतवून 3,60,000 मिळवायला वर्षाला जवळपास 10 टक्के व्याज लागेल. तेवढं खात्रीचं व्याज बँकेत मिळत नाही. वर विम्याचं कवच जातं ते वेगळंच.

हे उत्तर या नमुन्याचं आहे. पॉलिसी तीन-चार वर्षांचीच असेल, पुढे 16-17 हप्ते बाकी असतील आणि ते भरण्याची ऐपत नसेल तर हिशेब दुसरीकडे झुकू शकतो. तुमच्या उताऱ्याचे आकडे या तीन ओळींत घालून पाहा. पण एक वाट सरळ चुकीची आहे: जुनी मोडून त्याच पैशात नवी एन्डोमेंट घेणं. वय वाढल्याने हप्ता चढतो, बोनस शून्यापासून सुरू होतो आणि सरेंडरमध्ये कापलेले पैसे परत येत नाहीत.

पेरणीपुरते पैसे हवेत तेव्हा

गावात पॉलिसी मोडली जाते ती बहुतेक जून महिन्यात, 40-50 हजारांसाठी. एवढ्यासाठी मोडण्याची गरज नसते. चालू पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पेड-अप झालेल्या पॉलिसीवर 80 टक्क्यांपर्यंत. नमुन्यात 93,600 पर्यंत. जामीनदार लागत नाही. मूळ बाँड शाखेत जमा करावा लागतो.

तरी त्याआधी पीक कर्ज बाकी आहे का पाहा. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार शेतकऱ्यावर राहत नाही. पॉलिसीच्या कर्जाला पूर्ण व्याज पडतं आणि ते सहा महिन्यांनी मुदलात मिसळतं. 50,000 वर साडेनऊ टक्के धरले आणि काहीच भरलं नाही, तर 5 वर्षांत 79,500 होतात, साडेआठ वर्षांत 1,10,000. मुदतीअखेर हे सगळं वजा होतं. म्हणून उताऱ्यावर कर्जाची ओळ असेल तर 3,76,000 कडे पाहण्याआधी ती ओळ पाहा. निदान सहामाही व्याज तरी भरत राहा. हप्ते थांबवलेल्या पॉलिसीवर कर्ज आणि व्याज वाढून सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं तर कंपनी ती पॉलिसी कर्जापोटी बंद करून टाकू शकते.

आकडा जुळला नाही तर

आधी ताजा उतारा घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक, हप्त्याची रक्कम आणि जन्मतारीख टाकून नोंदणी केली की तो घरबसल्या दिसतो. पॉलिसीत लिहिलेली जन्मतारीख आणि आधारवरची वेगळी असेल तर नोंदणी अडते. ही तफावत मुदत संपताना पैसेही अडवते, म्हणून शाळेचा दाखला जोडून आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या. त्याच अर्जाबरोबर नॉमिनीचं नाव आणि बँक खातं तपासा. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीत नॉमिनी अजून आईच असते, आणि बँका विलीन झाल्याने जुना खाते क्रमांक किंवा शाखेचा आयएफएससी बदललेला असतो.

हप्ता किंवा बोनसची तक्रार असेल तर ज्या शाखेतून पॉलिसी निघाली तिच्याच नावाने लेखी द्या. ती शाखा बाँडवर छापलेली असते. पावत्यांच्या प्रती जोडा, मूळ पावत्या देऊ नका, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. महामंडळाच्या विदर्भातल्या शाखा नागपूर आणि अमरावती या दोन विभागीय कार्यालयांखाली येतात. शाखेने दाद दिली नाही तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. कोणत्याही कंपनीसाठी विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आणि 155255 हा क्रमांक आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. अर्जासोबत शाखेला दिलेल्या पत्राची शिक्का असलेली प्रत, ताजा उतारा आणि वर केलेला हिशेब एका पानावर लिहून जोडा: किती हप्ते पोहोचले, किती वर्षांचा बोनस हवा होता, किती लागला, फरक किती.